सोमवारी एक, बुधवारी भलतंच: दर आठवड्याला प्लॅन बदलणाऱ्या साहेबांसोबत काम कसं करायचं

आमचा आठवडा रविवारी सुरू होतो. युनिटला शनिवारी सुट्टी, त्यामुळे अर्धं नाशिक रविवारी सकाळी मिसळीच्या रांगेत उभं असतं तेव्हा मी अंबडमध्ये मशीनपाशी आठवड्याचा प्लॅन लावत असते. प्लॅन लागतो, पहिल्या शिफ्टचे सेटअप होतात, म्हणजे मशीनवर त्या त्या कामाची जुळणी होते, आणि सोमवारी साडेदहा-अकराला साहेब येतात. गाडीतच दोन फोन झालेले असतात. केबिनमध्ये जायच्या आधी शॉपफ्लोअरवरूनच आवाज येतो, "मॅडम, ते हाउसिंग थांबवा. आधी हे घ्या."

मी एका छोट्या मशीनिंग युनिटमध्ये प्रॉडक्शन प्लॅनिंग बघते. माणसं चाळीसच्या आत. नोकरी लागली त्या पहिल्या वर्षी मी दोन्ही चुका करून पाहिल्या. आधी प्रत्येक बदलाला "हो साहेब" म्हणत गेले. आठवड्याच्या शेवटी चार जॉब अर्धवट आणि डिस्पॅचला एकही पूर्ण नाही, अशी गत झाली. मग उलट टोक गाठलं, प्रत्येक वेळी "होणार नाही" म्हणायला लागले. त्यावर साहेबांनी साधा उपाय काढला. ते मला न विचारता थेट ऑपरेटरला सांगू लागले.

आता जी पद्धत बसली आहे ती खाली पायरीपायरीने लिहिते. उदाहरण मशीनचं आहे, कारण मला तेच नीट माहीत आहे. पण ऑफिसात डिझाइन, अकाउंट्स किंवा सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्यांनी मशीनच्या जागी माणूस धरला तरी हिशोब तोच राहतो.

आधी चार आठवडे फक्त लिहून काढा

काहीही बदलायला जाऊ नका. एक वही घ्या आणि प्रत्येक बदलाची एक ओळ लिहा: वार, वेळ, काय थांबवलं, काय घेतलं, आणि त्याच्या आधी साहेब कुणाशी बोलले होते किंवा त्यांनी काय पाहिलं होतं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच आपण लिहीत नाही. रागाच्या भरात "पुन्हा बदललं" एवढंच लिहिलं तर महिन्याने त्यातून काही हाती लागत नाही.

माझ्या वहीत चार आठवड्यांत १७ बदल निघाले. वाचून पाहिल्यावर त्यांचे तीन ढीग पडले.

आठ बदल ग्राहकाच्या फोनमुळे झाले होते. पर्चेसवाल्याने "माल कुठे आहे?" विचारलं की साहेब त्याचा जॉब मशीनवर चढवत. पुढच्या आठवड्यात मी मागे वळून पाहिलं, तर त्या आठांपैकी पाच वेळा आम्ही घाईने केलेला माल ग्राहकाच्या स्टोअरमध्ये तसाच पडून होता. फोन करणाऱ्याला तारीख हवी होती. माल त्याच दिवशी हवा असं त्याने म्हटलंच नव्हतं.

तीन बदल पैशांचे होते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, जो ग्राहक वेळेवर पैसे देतो त्याचं बिल निघावं म्हणून त्याचा जॉब पुढे. हे साहेब कधी तोंडाने सांगत नाहीत. हाताखालच्या माणसाला "हप्ता भरायचाय" कोण सांगेल? पण वहीत तारखा दिसल्या की कळतं.

उरलेले सहा बदल काळजीतून आलेले होते. साहेबांनी फेरी मारताना एखाद्या ट्रेमध्ये अर्धा माल पाहिला, "हे असंच पडलंय?" म्हणाले आणि ते सुरू करायला सांगितलं. तो माल प्लेटिंगची गाडी यायची म्हणून थांबलेला होता. त्यांना ते माहीत नव्हतं, आणि ते सांगायचं काम माझं होतं.

ही वही कुणाला दाखवायची नाही. साहेबांना तर अजिबात नाही. "सर, तुम्ही महिन्यात १७ वेळा बदललंत" हे वाक्य खरं असलं तरी त्याने त्यांचा एकही निर्णय सुधारणार नाही, फक्त तुम्ही हिशोब ठेवता आहात हे त्यांच्या मनात राहील. वही तुमच्यासाठी आहे, कारण तीन ढिगांना तीन वेगळी औषधं लागतात.

काळजीच्या ढिगाचं औषध सगळ्यात स्वस्त. रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास, त्यांनी विचारायच्या आधी, तीन ओळींचा व्हॉट्सअॅप: आज काय पूर्ण झालं, उद्या काय चालणार, आणि काय कशामुळे थांबलंय. "ब्रॅकेट १५० झाले. उद्याही तेच. प्लेट प्लेटिंगला गेली, सिन्नरहून परवा येईल." इतकंच. यात बढाई नको, सबब नको, आणि एक दिवसही खंड नको. पहिले पंधरा दिवस त्यावर उत्तर येत नाही. तरीही पाठवत राहा. माझ्याकडे या एका गोष्टीने सहातले चार बदल बंद झाले.

पैशांच्या ढिगासाठी दर महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास मीच विचारते, "साहेब, या महिन्यात कोणाचं बिलिंग व्हायलाच हवं?" कारण विचारायचं नाही. उत्तर मिळालं की तो जॉब शेवटच्या आठवड्याच्या प्लॅनमध्ये आधीच बसवायचा. मग तो बदल म्हणून येतच नाही.

राहिला ग्राहकाच्या फोनचा ढीग. खरी झुंज तिथे आहे, आणि त्यासाठी आधी एक कागद लागतो.

तासांचा कागद

साहेब बदल करतात तेव्हा त्यांच्या डोक्यात जॉबची नावं असतात. नावं कितीही मावतात. तास मोजलेलेच असतात. म्हणून आठवड्याचा प्लॅन नावांत न लिहिता तासांत लिहायचा, आणि तोही एका पानावर.

आधी हातात खरंच किती तास आहेत ते काढा. आमच्याकडे तीन व्हीएमसी, म्हणजे प्रोग्रॅमवर धातू कापणारी मशीन, आणि दोन शिफ्ट. आठ तासांच्या शिफ्टमधून जेवण, चहा आणि शिफ्ट बदल वजा केला की सात उरतात. म्हणजे एका मशीनला दिवसाचे १४. पण मशीन बंद पडतं, टूल तुटतं, पहिला पीस क्वालिटीकडून पास होईपर्यंत थांबावं लागतं, एखादा ऑपरेटर येत नाही. मी गेल्या काही महिन्यांचं प्रत्यक्ष उत्पादन पाहून ८० टक्के धरते. हा आकडा तुमच्या जागेचा तुम्हीच काढा. माझाही वर्षभर सारखा नसतो. द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडची पोरं सुट्ट्या घेतात तेव्हा मी ७० धरते. तर ८० टक्क्यांनी एका मशीनला दिवसाला साधारण ११ तास, आठवड्याच्या सहा दिवसांत ६७. तीन मशीन मिळून २००.

मग जॉब. प्रत्येकाचे दोन आकडे वेगळे लिहायचे: सेटअपला किती आणि मालाला किती. मागच्या एका आठवड्याचं पान असं होतं. पहिल्या मशीनवर ब्रॅकेट, ९०० नग, नगाला ४ मिनिटं, म्हणजे ६० तास, अधिक सेटअपचे ३. एकूण ६३. दुसऱ्यावर पंप हाउसिंग, २४० नग, नगाला १४ मिनिटं, ५६ तास, सेटअप ५. एकूण ६१. तिसऱ्यावर आधी स्विचगियरची प्लेट, सेटअपसह ३२ तास, आणि ती संपली की बुशिंग, ६०० नग, सेटअपसह २७. एकूण ५९. तिन्ही मशीन मिळून १८३ तास भरलेले, १७ मोकळे.

सेटअप वेगळा का लिहायचा? कारण साहेबांच्या बदलाची खरी किंमत तिथे लपलेली असते. चालू हाउसिंग काढून दुसरं काही चढवलं, तर नव्या जॉबचे तास जातातच, शिवाय हाउसिंग पुन्हा लावायचे पाच तासही जातात. त्या पाच तासांत एकही नग निघत नाही आणि ते कुठल्याच बिलात दिसत नाहीत. ऑफिसातल्या कामालाही हा सेटअप असतो. अर्धवट सोडलेली बॅलन्स शीट चार दिवसांनी उघडली की "आपण कुठे होतो" हे आठवण्यात जी सकाळ जाते, तोच तुमचा पुन्हा-सेटअप. तोही एकदा घड्याळ लावून मोजा.

एक मोह इथे टाळा. पुढे बदल येणारच म्हणून ५६ च्या जागी ६५ तास लिहून ठेवावेत असं वाटतं. मी केलं होतं. साहेब स्वतः तरुणपणी मशीनवर उभे राहिलेले, त्यांनी सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, विचारला आणि मनातल्या मनात गुणाकार केला. त्यानंतर तीन महिने माझ्या कुठल्याच आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मोकळे तास ठेवायचे तर उघड ठेवा. आमच्या पानावर तळाला "मोकळे: १७" अशी ओळच असते, आणि साहेब त्याला गमतीने "माझा कोटा" म्हणतात. त्या कोट्यात बसणाऱ्या बदलाला मी एकही प्रश्न न विचारता हो म्हणते.

सोमवार, अकरा वाजता

आता वर सांगितलेल्याच आठवड्यातली गोष्ट. सोमवारी साहेब आले आणि म्हणाले, "नवीन ग्राहकाची सॅम्पल्स लगेच पाहिजेत. ४० नग. हाउसिंगच्या मशीनवर घ्या, आत्ता."

त्या क्षणी, ऑपरेटरसमोर, काहीही वाद घालायचा नाही. तिथे साहेब माघार घेऊच शकत नाहीत. मी फक्त म्हटलं, "घेते साहेब. ड्रॉइंग बघून दहा मिनिटांत केबिनमध्ये येते." यात होकार कामाला आहे. कुठल्या मशीनवर आणि कधी, हे अजून उघडं आहे. ऑपरेटरला हळूच सांगितलं की हातातला पीस पूर्ण कर, माल पकडून ठेवणारं फिक्सचर काढू नकोस.

ही दहा मिनिटं हिशोबाची. सॅम्पलचा नग अवघड होता, २५ मिनिटांचा. ४० नगांना १७ तास. प्रोग्रॅम, फिक्सचर आणि पहिला पीस यांना आठ. एकूण २५. साहेब म्हणाले तसं हाउसिंग मोडून घेतलं तर २५ अधिक पुन्हा-सेटअपचे पाच, म्हणजे त्या मशीनवर ३० तासांची भर. ६१ आणि ३० मिळून ९१, मशीनकडे ६७. चोवीस तास कमी पडतात, म्हणजे हाउसिंगचे साधारण १०० नग या आठवड्यात निघणार नाहीत. दुसरा रस्ता असा की तिसऱ्या मशीनवरची प्लेट मंगळवारी रात्री आपोआप संपते. तिथे बुधवारी सॅम्पल चढवली तर काहीच मोडावं लागत नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत ४० नग होतात, फक्त बुशिंगचा बहुतेक भाग पुढच्या आठवड्यात जातो. तिसरा रस्ता शनिवारी मशीन चालवायचा. पण त्याला ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो, आणि एका मशीनवर मिळतात जेमतेम ११ तास. म्हणजे हाउसिंगची तूट अर्धीही भरत नाही.

केबिनमध्ये जाताना कागद एकच, रस्ते दोनच. तिसरा मी विचारला तरच सांगते. पाच पर्याय समोर ठेवले की साहेबांना वाटतं मीच गोंधळले आहे, आणि मग ते सहावा काढतात.

संवाद साधारण असा झाला.

"साहेब, सॅम्पल होतात. आत्ता हाउसिंग काढलं तर बुधवारी रात्रीपर्यंत हातात, पण हाउसिंगचे १०० नग कमी जातील. बुधवारी प्लेटच्या मशीनवर घेतली तर शुक्रवारी दुपारी हातात, हाउसिंग पूर्ण जातं, बुशिंग पुढे ढकलावं लागतं. मला दुसरं बरं वाटतं. तुम्ही सांगा, कोणाला मागे घेऊ?"

"हाउसिंग कमी जाऊन कसं चालेल? त्यांची लाइन थांबेल."

"म्हणूनच विचारलं. सॅम्पल त्यांना नक्की कधी, कुठे पाहिजेत?"

"लगेच म्हणाले."

"एकदा विचारून घेता का? किती नगांत त्यांचं काम होईल, तेही."

साहेबांनी तिथूनच फोन लावला. निघालं असं: सॅम्पल शनिवारी सकाळी पुण्याला पोचायला हवी होती, आणि तपासणीसाठी दहा नग पुरे होते. बाकी तीस ऑर्डर पक्की झाल्यावर. दहा नगांना चार तास, तयारीचे आठ, एकूण १२. तिसऱ्या मशीनवर ३२, १२ आणि २७ मिळून ७१ तास झाले, मशीनकडे ६७. चार तासांची तूट, म्हणजे बुशिंगचे शंभराच्या आत नग पुढच्या आठवड्यात. हाउसिंग जागचं हललं नाही.

या संभाषणात तीन गोष्टी मुद्दाम केलेल्या आहेत. एक, "होणार नाही" हे शब्द कुठेच नाहीत. दोन, किंमत त्यांच्या भाषेत सांगितली आहे. "माझा प्लॅन बिघडतो" याचं साहेबांना काही वाटत नाही, "हाउसिंगचे १०० नग कमी" याचं वाटतं, कारण तो फोनही त्यांनाच येणार असतो. आणि तीन, माझं मत दिलं आहे, पण निर्णय त्यांच्याकडे ठेवला आहे. मत न देता नुसते पर्याय ठेवणं म्हणजे आपली जबाबदारी त्यांच्या टेबलावर ठेवून येणं. ते त्यांना कळतं.

कधी, कुठे, किती. हे तीन शब्द मी ग्राहकाच्या फोनवाल्या प्रत्येक बदलाला विचारते. पण पहिल्या वाक्यात नाही. आधी होकार, मग हिशोब, मग प्रश्न. क्रम उलटा झाला की तोच प्रश्न उलटतपासणीसारखा वाटतो. आणि कधीकधी उत्तर खरंच "आजच, सगळे, लाइन थांबलीय" असं येतं. मग हाउसिंग मोडायचं, मुकाट्याने आणि झटपट. आपली पद्धत प्लॅन वाचवण्यासाठी नाही.

लिहून पाठवायचं, पण वकिलासारखं नाही

केबिनमधून बाहेर पडल्यापासून पंधरा मिनिटांत साहेबांना वैयक्तिक मेसेज जायला हवा. ग्रुपवर नाही. ग्रुपवर टाकला की तो पुरावा जमवल्यासारखा दिसतो. त्या दिवशीचा माझा मेसेज असा होता:

"साहेब, ठरल्याप्रमाणे: सॅम्पल १० नग बुधवारपासून प्लेटच्या मशीनवर, गुरुवारी तपासणीला. हाउसिंग २४० शुक्रवारी पूर्ण. बुशिंगचे सुमारे १०० नग पुढच्या आठवड्यात. बुशिंगवाल्यांना मी कळवते."

"ठरल्याप्रमाणे" या शब्दाने सुरुवात, काय मिळणार ते आधी, काय मागे गेलं ते शेवटी, आणि त्या मागे गेलेल्याचं पुढे काय करायचं हेही. शेवटची ओळ विसरू नका. ज्याचं काम मागे गेलं त्या ग्राहकाला कोण कळवणार हे न ठरल्यामुळे पुढचा बदल जन्माला येतो. गुरुवारी बुशिंगवाला फोन करतो, साहेब म्हणतात, "मॅडम, बुशिंग घ्या." आपणच कळवलेलं असलं की तो फोन येत नाही.

साहेब एखादे दिवशी म्हणतील, "मी असं म्हटलंच नव्हतं." तेव्हा जुना मेसेज उघडून त्यांच्यासमोर धरू नका. त्यांना खरंच आठवत नसतं, दिवसाला साठ फोन घेणाऱ्या माणसाला आठवणारही नाही. "मग माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल, आता काय करू?" म्हणा आणि नवा हिशोब मांडा. मेसेज वरच असतो, ते नंतर एकटे असताना वाचतात. मला दोनदा संध्याकाळी नुसता अंगठा आला आहे. तेवढी कबुली पुरते.

दोन दिवस फ्रीज

हे सगळं दोनेक महिने चाललं की मगच पुढची मागणी करायची. कितीतरी जण पहिल्याच आठवड्यात "साहेब, आठवड्याचा प्लॅन फ्रीज करू या" म्हणून जातात आणि हात हलवत परत येतात. आठवडा फ्रीज करणं छोट्या युनिटच्या मालकाला परवडतच नाही. त्याचे ग्राहकच त्याला आठवड्याचं शेड्यूल पक्कं देत नाहीत, तो तुम्हाला कुठून देणार?

मी मागितलं ते एवढंच: एका मशीनवर, आज आणि उद्या, काही हलवायचं नाही. परवापासून पुढचं सगळं साहेबांचं. मशीनही मुद्दाम हाउसिंगचं निवडलं, कारण सेटअप सगळ्यात मोठा तिथला. "महिनाभर करून बघू साहेब, नाही जमलं तर सोडून देऊ." महिन्याच्या शेवटी मी एकच आकडा दाखवला: आधीच्या महिन्यात त्या मशीनवर हाउसिंग सात वेळा लागलं होतं, या महिन्यात चार वेळा. तीन सेटअप वाचले, म्हणजे १५ तास, म्हणजे हाउसिंगचे साठ-पासष्ट नग. साहेबांनी भाव गुणून पाहिला आणि म्हणाले, "दुसऱ्या मशीनलाही करा."

खाली काम करणाऱ्यांना मात्र मी आठवड्याचा प्लॅन दाखवत नाही. मशीनजवळच्या पाटीवर आज आणि उद्या, बस्स. आठवडा लिहिला की प्रत्येक खोडाखोडीबरोबर पाटीवरचा विश्वास उडतो, आणि मग ऑपरेटर दुसऱ्या शिफ्टचं सेटअप आधीपासून तयार ठेवायचं सोडून देतो, कारण "मॅडम, बदलणारच ना?"

कुठे अडतं

सर्वात जास्त अडतं ते साहेब थेट ऑपरेटरला सांगतात तिथे. याला साहेबांशी भांडून उपाय नाही. ऑपरेटरला एक वाक्य शिकवून ठेवा: "हो साहेब, मॅडमना सांगून लगेच लावतो." आणि तुम्ही खरंच लगेच पोचा. पाच मिनिटांत पोचलात तर साहेबांना कळतं की तुमच्यामार्फत सांगितलं तरी उशीर होत नाही. अर्धा तास लावलात तर पुढच्या वेळी ते थेट ऑपरेटरलाच सांगतील, आणि ते बरोबरच असेल.

दोन साहेब असले, वडील आणि मुलगा, किंवा मालक आणि मॅनेजर, तर दोघांनाही तोच कागद आणि तोच संध्याकाळचा मेसेज पाठवायचा. दोघांचे हुकूम आपसांत भिडले की मध्ये निवाडा करायला बसू नका. "धाकट्या साहेबांनी ब्रॅकेट पुढे घ्यायला सांगितलंय, तुम्ही प्लेट म्हणताय, दोन्ही मिळून ११ तास जास्त होतात. दोघं बोलून मला एक सांगता का?" इतकं म्हणून बाहेर यायचं.

काही बदलांना हा हिशोब लावायचाच नाही. वेळ वाचवायला तपासणी गाळा, हीट ट्रीटमेंट न झालेला माल डब्यात भरा, गार्ड काढून मशीन चालवा, असं सांगितलं तर तिथे पर्याय मांडत बसू नका. ते सरळ नाही म्हणायचं, आणि लेखी म्हणायचं.

आणि ही पद्धत कधी चालत नाही हेही वहीतच दिसतं. तीन महिने संध्याकाळचा मेसेज आणि तासांचा कागद नेमाने गेला, तरी बदलांची संख्या तीच राहिली आणि त्यातले बहुतेक कुठल्याच ग्राहकाशी, पैशाशी किंवा माहितीशी जोडता आले नाहीत, तर साहेब प्लॅन बदलत नसतात, सवयीने हुकूम देत असतात. माझी एक मैत्रीण सातपूरला अशाच जागी होती. ती चौथ्या महिन्यात सोडून गेली. नव्या जागी मुलाखतीत तिने एकच प्रश्न विचारला, तुमच्याकडे प्लॅन कोण लावतं आणि तो बदलायचा तर कोणाला विचारावं लागतं.

आमच्याकडे बदल अजून येतात. मागच्या महिन्यात सात आले, त्यातले पाच कोट्यात बसले. परवा साहेब आत आले, हाउसिंगच्या मशीनपाशी थांबले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पाटीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "मॅडम, कोटा किती उरलाय?" नऊ तास उरले होते. त्यांचं काम चौदाचं होतं. आम्ही कागद घेऊन बसलो.